चार्जिंगला लावलेल्या फोनमधून जळका वास आला, बटण बंद केलं, पण आता पुढं काय?

प्राजक्ता_सांगली
नमस्कार मंडळी. आम्ही विश्रामबागला राहतो. काल रात्री जेवणं झाल्यावर आईचा फोन हॉलमधल्या दिवाणावर चार्जिंगला लावलेला, गादीवरच. थोड्या वेळानं प्लास्टिक जळल्यासारखा वास यायला लागला. आधी वाटलं किचनमध्ये कुकरची रिंग चिकटली की काय, तिथं बघून आलो तर काही नाही. मग केबलच्या फोनकडच्या टोकातनं बारीक धूर दिसला. आई केबल उपसायला धावली तर बाबा ओरडले, हात लावू नको, आणि त्यांनी आधी बोर्डाचं बटण बंद केलं. मग पक्कड घेऊन केबल काढली. टोक तपकिरी झालंय आणि प्लास्टिक मऊ पडून वाकडं झालंय. फोन चालू आहे, साठ टक्के बॅटरी दाखवतोय.

आता घरात दोन पक्ष. आई म्हणते केबल गेली, दुसरी लावू. बाबा म्हणतात फोनला हात लावायचा नाही. फोन तीन वर्षं जुना आहे, चार्जर कंपनीचाच ३३ वॅटचा, केबल मात्र मधे बाजारातनं घेतलेली. विचारायचं हे की दुसऱ्या केबलनं चार्ज करू का? आणि समजा परत असं झालं आणि धूर केबलऐवजी फोनमधूनच आला तर नेमकं काय करायचं?

भडंग_प्रेमी
बाबांना एक किलो भडंग माझ्याकडून.

सचिन_विटा
केबल लोकल होती ना, मग विषय संपला. ओरिजनल घ्या आणि बिनधास्त वापरा.

मेस्त्री_मिरज
ताई, माझं मिरजेत रिपेरिंगचं दुकान आहे, असल्या केबली आठवड्याला येतात. थांबा जरा, दुसरी केबल लगेच लावू नका. आधी तीन गोष्टी बघून सांगा. एक, काळं कुठं झालंय, केबलच्या तोंडातल्या पिनांपाशी का मागं जिथं वायर वाकते तिथं. दोन, फोनच्या चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारून बघा, आत हिरवं किंवा काळं काही दिसतंय का. तीन, आणि हे महत्त्वाचं, कव्हर काढा आणि फोन काचेच्या टीपॉयवर उताणा ठेवा, म्हणजे स्क्रीन वर. एका कोपऱ्यावर बोट ठेवलं तर हलतो का? कॅमेऱ्यामुळं थोडा हलणारच, पण मधेच फुगीर असेल तर गरगर फिरतो. आणि कडेनं स्क्रीन नाहीतर पाठ उचलल्यासारखी दिसते का ते बघा. दाबून बघू नका फक्त.

बाकी बाबांनी केलं ते शंभर टक्के बरोबर. जळत्या टोकाला हात लावला की प्लास्टिक बोटाला चिकटतं, आणि करंट चालू असताना उपसलं की तिथं ठिणगी पडते. बटण आधी. बटण पलंगाच्या मागं असेल, हात पोचत नसेल, तर मेन बोर्डावरचा एमसीबी पाडा.

अण्णा_जत
आमच्याकडं पण असंच झालं होतं, बॅटरीतनं घाण वास, सडक्या अंड्यासारखा, रात्रभर. मेकॅनिकनं सांगितलं पाणी कमी झालंय, डिस्टिल वॉटर घाला. तुम्ही पाणी चेक केलं का?

भडंग_प्रेमी
अण्णा, मोबाईल आहे ओ, इन्व्हर्टर नव्हे 😄

अण्णा_जत
बरं बरं. मी "बॅटरी" आणि "वास" एवढंच वाचलं. पण लोकांना उपयोग होईल म्हणून राहू दे.

यवतेश्वर_काका
राहू द्याच, पण अर्धवट नको. अण्णा, सडक्या अंड्याचा वास म्हणजे ती लेड अॅसिड बॅटरी जास्त चार्ज होत असते, तो गॅस विषारी असतो, आणि सोबत हायड्रोजनही सुटतो, तो पेट घेतो. तेव्हा तिथं झाकण उघडून पाणी घालत बसायचं नसतं. चार्जिंग बंद, खिडक्या उघड्या, ठिणगी नको, गार झाल्यावर मेकॅनिक. आता मूळ प्रश्नाकडे. मी साताऱ्याचा, नोकरी एका कारखान्यात सेफ्टी खात्यात झाली, आता रिटायर. मिस्त्रींनी विचारलेली उत्तरं येऊ द्या, मग बोलतो.

कऱ्हाडचा_पप्पू
मला एक कळत नाही. धूर निघेपर्यंत एमसीबी पडला कसा नाही? आमच्याकडं तर मिक्सर लावला तरी पडतो.

मेस्त्री_मिरज
पप्पूशेठ, हा प्रश्न बरेच जण विचारतात. ३३ वॅटचा चार्जर भिंतीतनं घेतो किती, अर्ध्या अँपियरच्याही आतच. एमसीबी असतो सहा किंवा दहा अँपियरचा. त्याला हे कळणारच नाही, त्याच्या हिशेबात घरात काहीच चाललेलं नाही. ईएलसीबी असेल तर तोही गप्प बसतो, कारण केबलमधला करंट चार्जरच्या ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा, भिंतीच्या लाईनशी त्याचा थेट संबंध नाही. राहता राहिला चार्जर. सरळ शॉर्ट झाला तर तो स्वतः बंद होतो. पण पिनांमध्ये घाण किंवा ओल बसून अर्धवट गळती चालू असेल तर चार्जरला वाटतं फोनच करंट मागतोय. आणि सात-आठ वॅट एवढ्याशा नखाएवढ्या जागेत उतरले की प्लास्टिक मऊ पडणारच. म्हणून इथं नाक हाच फ्यूज. मशीनवर अवलंबून राहू नका.

हळदबाजार
पिनांमधली घाण म्हणजे काय ते मला विचारा. आमच्या मार्केट यार्डातल्या गाळ्यावर कुणाचाही फोन घ्या, चार्जिंगच्या भोकातनं चमचाभर हळद निघेल. पावसाळ्यात ती ओली होऊन आत घट्ट बसते. केबल पूर्ण आत जातच नाही, मग माणूस दाबून दाबून, वाकडी करून, फोनखाली पाकीट ठेवून "आता घेतोय" म्हणतो. आमच्या दिवाणजींची केबल तशीच जळली, हळदीच्या वासात जळका वास कुणाला आलाच नाही.

मेस्त्री_मिरज
करेक्ट. "वाकडी केली की चार्ज होतं" असं म्हणतो तो फोन माझ्याकडं यायच्या वाटेवर असतो. साफ करायचं तर फोन बंद करून लाकडी टूथपिकनं, हळू. सुई, टाचणी अजिबात नाही. आणि "ओलावा आहे, केबल काढा" अशी सूचना आली तर ती खोटी समजून परत परत लावू नका, तासनतास वाळू द्या.

प्राजक्ता_सांगली
बघितलं. काळं पिनांपाशीच आहे. भोकात एका बाजूला हिरवट दिसतंय. आणि मिस्त्रीदादा, फोन फिरतोय. कॅमेऱ्याच्या खालच्या बाजूला पाठ आणि फ्रेममध्ये फट आहे, कागद जाईल एवढी. आई म्हणते ती फट दिवाळीपासून आहे, कव्हरमुळं दिसत नव्हती. आता भीती वाटायला लागलीय. फोन आत्ता टीव्हीच्या कपाटात आहे.

मेस्त्री_मिरज
मग चित्रच बदललं. ताई, कपाटातनं काढा. गरम नाहीये ना आत्ता? आवाज नाही, वास नाही? असेल तर हात लावू नका, तसं लगेच लिहा. नसेल तर स्विच ऑफ करा आणि बाहेर गॅलरीत शहाबादीवर नाहीतर पत्र्याच्या थाळीत ठेवा, उन्हात नको, पायदाण, कुंड्या, कपडे यांपासून लांब. चार्जिंग आता शून्य, कुठल्याही केबलनं नाही. फट दाबून बसवायची नाही, रबरबँड नाही, वर पुस्तक नाही. सकाळी सर्व्हिस सेंटर.

ह्या दोन वेगळ्या भानगडी आहेत बरं का. केबल जळाली ती पिनांच्या घाणीनं. बॅटरी फुगली ती वयानं आणि उष्णतेनं, आत गॅस तयार होतो, तो आधीच चालू होता. कालच्या धुरानं बॅटरी फुगली असं नाही. पण काल केबलनं इशारा दिला म्हणून पाठ बघितली गेली, नाहीतर अजून सहा महिने गादीवर चार्ज झाला असता.

प्राजक्ता_सांगली
गरम नाही, वास नाही. ठेवला बाहेर थाळीत. बाबा खुर्ची टाकून राखण बसलेत 🙏

सचिन_विटा
गरमच होऊ नये म्हणून सरळ फ्रीजमध्ये ठेवायचा ना. मी उन्हाळ्यात फोन तापला की दहा मिनिटं ठेवतो, मस्त गार होतो.

यवतेश्वर_काका
सचिनराव, नको. गार फोन बाहेर काढला की आत दव धरतं, मग तीच पिनांची भानगड. आणि फुगलेला फोन बंद डब्यात ठेवणं म्हणजे गॅस सुटला तर कोंडून ठेवणं. फ्रीज हा बंद डबाच आहे.

आता प्राजक्ताताईंचा दुसरा प्रश्न. वासात फरक असतो. प्लास्टिक, रबर, बॅकेलाईट जळल्याचा वास आला तर बहुतेक केबल, चार्जर किंवा सॉकेट. गोडसर, थिनरसारखा, नेलपॉलिश काढायच्या लिक्विडसारखा वास आला तर बॅटरीच्या आतलं द्रव बाहेर पडतंय असं धरायचं. पहिल्यात बटण बंद केलं की विषय साधारण तिथंच थांबतो, कारण जाळणारी वीज बाहेरून येत होती. दुसऱ्यात तसं नाही. बॅटरीला आतच सगळं मिळतं, बटण बंद करूनही ती चालू राहू शकते. एकदा आतला थर फाटून शॉर्ट झाला की उष्णता वाढते, उष्णतेनं आतली रसायनं फुटतात, त्यातनं आणखी उष्णता.

सूं असा आवाज म्हणजे बॅटरीची पिशवी फाटून आतला गॅस बाहेर येतोय. तो पेट घेणारा असतो. सूं आणि जाळ यामध्ये कधी काही सेकंदच असतात, कधी जाळ लागतच नाही, नुसता दाट पांढरा धूर. कुठलं होणार ते आधी सांगता येत नाही. म्हणून आवाज आला की फोन उचलायचा नाही, बाहेर फेकायला धावायचं नाही. हातात असताना भडकला तर तोंड आणि हात दोन्ही जातात. बटण हाताशी असेल तर बंद, नाहीतर जाता जाता मेन. माणसं बाहेर, खोलीचं दार ओढून घ्या, बाहेरच्या बाजूची खिडकी उघडी राहिली तर चांगलं, पण ती उघडायला धुरातनं जायचं नाही.

तासगावकर_वकील
काका, एक महत्त्वाचं राहिलं. लिथियमवर पाणी कधीच टाकायचं नाही, स्फोट होतो. शाळेत शिकवलंय. कोरडी वाळू टाकायची. मी घरात वाळूची बादली ठेवलीय.

यवतेश्वर_काका
वकीलसाहेब, शाळेतलं बरोबर आहे, पण ते धातूच्या लिथियमचं. फोनच्या बॅटरीत लिथियम संयुगाच्या रूपात असतं, धातूचा गोळा नसतो. फोन, लॅपटॉपसारख्या छोट्या बॅटरीवर वीज बंद केल्यावर पाणी चालतं, नुसतं चालतं नाही, तेच हवं, कारण प्रश्न उष्णतेचा आहे. विमानात केबिन क्रूलाही आधी जाळ विझवून मग पाणी ओतून गार करा असंच शिकवतात. बर्फ लावू नका असंही सांगतात, बर्फानं वरून झाकलं जातं आणि उष्णता आत कोंडते. घोंगडी टाकली तरी तेच.

तुमची वाळू फुकट नाही. ठिणग्या उडायच्या थांबतात, आजूबाजूला पेटत नाही. पण वाळूनं बॅटरी गार होत नाही. वाळूखाली ती बराच वेळ धगधगत राहते. वाळू टाकून "झालं" म्हणून झोपायला गेलात तर घोटाळा. घरातला पावडरचा सिलेंडर असेल तर त्याचंही तसंच, जाळ विझवतो, उष्णता तशीच, परत भडकू शकतं.

तासगावकर_वकील
हे मला पूर्ण पटलेलं नाही. पाणी आणि वीज एकत्र हे कुणाला सांगणार, गडबडीत माणूस बटण बंद करायचं विसरणारच. वाळू निदान चुकली तरी शॉक देत नाही.

यवतेश्वर_काका
हा मुद्दा मान्य. बटण बंद झालंय याची खात्री नसेल तर पाणी नको, तुमची वाळू टाका किंवा सरळ बाहेर पडा.

सुनीता_आर
पण काका, प्राजक्ताच्या आईसारखा फोन गादीवर असेल तर? गादी पेटेपर्यंत आपण दार लावून बाहेर थांबायचं? माझ्या घरी तर त्याच गादीवर पोरगं झोपलेलं असतं. मी तर फोन आधी उडवून लावीन.

यवतेश्वर_काका
पोरगं आधी उचला, फोन नंतर. पोराला घेऊन बाहेर, त्यात दुसरा विचार नाही. नंतर बटण बंद असेल, जाळ अजून फोनपुरताच असेल आणि तुमच्या मागं दार मोकळं असेल, तर लांबून बादली ओता, फोनवर आणि गादीवर दोन्हीकडं. गादीचा कापूस आत धुमसतो, वरून विझल्यासारखा दिसतो, म्हणून गादी चिंब करा. धूर छातीपर्यंत उतरला असेल किंवा पडद्यापर्यंत जाळ गेला असेल तर बादलीचं नाव नको. दार बंद, १०१ किंवा ११२.

सुनीता_आर
लांब चिमट्यानं फरशीवर ओढला तर?

मेस्त्री_मिरज
सुनीताताई, नुसता गरम असेल, आवाज नसेल, तर सांडशीनं ओढून फरशीवर घेणं मी स्वतः करीन. काका नाही म्हणतील. पण सूं सुरू झाल्यावर नाही. आणि सांडशीनं आवळायचा नाही, फुगलेली बॅटरी चिमटली की तिथंच फाटते. दुकानात पाठ उघडताना पत्ती लागून बॅटरी पेटलेली मी बघितलीय, टेबलावरची रबरी मॅट जळाली, खोलीभर धूर. त्यानंतर उघडायला घेतलेला फोन आधी शक्य तितका उतरवून घेतो. भरलेल्या बॅटरीत दम जास्त असतो.

यवतेश्वर_काका
नाहीच म्हणतो 🙂 पण तुमचा हात सरावलेला आहे, घरच्यांचा नसतो.

सिस्टर_मिरज
धुराबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. त्या पांढऱ्या धुरात फुफ्फुसाला जाळणारे वायू असतात. "थोडाच गेला" म्हणून लोक घरी बसतात आणि काही तासांनी छाती भरून येते. आधी मोकळ्या हवेत न्या. घसा जळतोय, खोकला थांबत नाही, दम लागतोय, यातलं काहीही असेल तर दवाखाना, आणि दमेकरी किंवा लहान मूल असेल तर वाट बघू नका. बॅटरीतलं द्रव कातडीवर किंवा डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरा, हळद, टूथपेस्ट काही लावू नका, आणि डॉक्टरांना नुसतं "भाजलं" म्हणू नका, मोबाईलच्या बॅटरीचं द्रव लागलंय असं सांगा. उपचार बदलतात.

हळदबाजार
सिस्टर, हळदीचा अपमान सहन केला जाणार नाही 😀 (बाकी बरोबर.)

कऱ्हाडचा_पप्पू
आमचा एक दोस्त बाईकच्या हँडलला फोन लावून, बाईकवरच चार्ज करत, मॅप चालू ठेवून साताऱ्याहून कऱ्हाडला मे महिन्यात दुपारचा येतो. उंब्रजला फोन स्वतःच बंद पडतो गरम झाला म्हणून. तर तो दोन मिनिटं फुंकर मारतो आणि परत लावतो. त्याला हा धागा पाठवतोय.

प्राजक्ता_सांगली
एक राहिलं. त्यात आईचे सगळे फोटो आहेत, आजीचे पण, बॅकअप काहीच नाही. सर्व्हिस सेंटरला द्यायच्या आधी चालू करून वायफायवर काढून घेऊ का?

सचिन_विटा
घ्या की, साठ टक्के आहे.

यवतेश्वर_काका
मी सांगणार नाही चालू करा म्हणून. तासभर डेटा पाठवताना फोन तापतो, फुगलेल्या बॅटरीला तेच नको असतं. सेंटरवाले बॅटरी बदलून देतील, फोटो बॅटरीत नसतात, जातील कुठं?

मेस्त्री_मिरज
काका, सेंटरवाले बऱ्याचदा फॉरमॅट मारून देतात, तिथं लोक रडतात. ताई, मी असतो तर सेंटरला आधीच सांगितलं असतं की फक्त बॅटरी बदला, डेटा पुसायचा नाही, तसं जॉबशीटवर लिहून घ्या. तयार नसतील तर बॅटरी बदलून देणारा माहितीतला मेस्त्री बघा, घरी उघडू नका. गॅलरीत थाळीत ठेवून, लांब बसून बॅकअप घेणारी गिऱ्हाईकं माझी आहेत, त्यांचं निभावलं. पण निभावलं म्हणजे बरोबर होतं असं मी लिहून देणार नाही.

प्राजक्ता_सांगली
अपडेट. चालू केला नाही. सेंटरवाल्यानं बघितल्या बघितल्या बाजूला ट्रेमध्ये ठेवला, चार्जिंगचा पॉईंट आणि बॅटरी दोन्ही बदलणार, डेटा पुसणार नाही असं लिहून दिलंय. जुनी बॅटरी तेच ठेवून घेतात, ई-कचऱ्यात देतात म्हणाले. घंटागाडीत टाकू नका असं बजावलं, गाडीत कचरा दाबला की पेटते म्हणे. आता चार्जर ठेवायचा का टाकायचा?

मेस्त्री_मिरज
चार्जरच्या तोंडाला डाग, वितळल्याची खूण किंवा वास असेल तर टाका. स्वच्छ असेल तर साधारण चालतो. ठेवलात तर पहिले काही दिवस फरशीवर, घरात कोणी जागं असताना लावा, अर्ध्या तासानं हात लावून बघा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर भंगार. नवीन घेताना वर आर आणि आठ आकडी नंबर, सोबत आयएसचा नंबर छापलाय का बघा.

तासगावकर_वकील
तो नंबर खोटाही छापतात.

मेस्त्री_मिरज
छापतात. बीआयएसच्या अॅपवर टाकून बघता येतो, कोण बघतंय पण.

सुनीता_आर
आणि जळकी केबल आजच कात्रीनं कापून टाक गं, बोर्डातनं काढून. नाहीतर घरात कोणीतरी "टोकालाच तर काळी आहे" म्हणून परत लावतं.

भडंग_प्रेमी
आमच्या सासऱ्यांनी कापलेली जोडून, वर काळी टेप मारून लावलीय. टेप ओरिजनल आहे म्हणतात.